फुगलेला पहिला खर्डा: कादंबरीतून पाचवा हिस्सा काढताना काय तपासायचं आणि कशाला हात लावायचा नाही

गेली काही वर्षं पुण्यात मी इतरांच्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे दुरुस्त करते आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एक जाडजूड स्पायरल बाइंडिंग घरी येतं. अप्पा बळवंत चौकातून नुकतंच करून आणलेलं असतं, आणि सोबतचं वाक्यही ठरलेलं असतं: "थोडं मोठं झालंय, पण कापायचं कुठे ते कळत नाही." बिघाड बहुतेक वेळा एकच निघतो, म्हणून तो शोधायची आणि दुरुस्त करायची पद्धत इथे एकदा नीट लिहून ठेवते.

लक्षणं

पहिलं लक्षण वाचकांत दिसतं. तीन जणांना वाचायला दिलं आणि तिघंही साधारण एकाच ठिकाणी अडकले, तर तिथे फुगवटा आहे. ते तसं बोलून दाखवत नाहीत. "वाचतोय अजून, छान आहे" असं म्हणतात. म्हणून "कसं वाटलं?" हा प्रश्न विचारूच नका. "कुठल्या पानावर खाली ठेवलंत?" असं विचारा. पान क्रमांक खरं सांगतो.

दुसरं लक्षण लेखकातच सापडतं. गोष्ट तोंडी सांगायला सांगितली की लेखक पान ६० वरून सुरुवात करतो. आधीची साठ पानं त्याला स्वतःलाही सांगावीशी वाटलेली नसतात.

तिसरं लक्षण मजकुरात असतं. एकच पात्र एकाच कारणासाठी तीन वेगवेगळ्या प्रकरणांत रडतं. प्रकरण उघडलं की आधी ऊन, मग चहा, मग मागच्या प्रकरणाची आठवण, आणि गोष्ट दुसऱ्या पानावर सुरू होते.

एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवते. वाचक तीन वेगवेगळ्या ठिकाणी थांबले असतील, किंवा "पण तिने असं का केलं?" असं विचारत असतील, तर दुखणं निराळं आहे. तिथे मजकूर जास्त झालेला नाही, कमी पडला आहे. तो कापलात तर आणखी बिघडेल.

कोणतं उदाहरण घेते आहे

गेल्या वर्षी हातात आलेली एक कादंबरी घेते. लेखिकेची परवानगी आहे. तिचं नाव सांगत नाही, पुस्तकही अजून छापलेलं नाही. गोष्ट नारायण पेठेतल्या वाड्यातल्या दोन जावांची. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. वाडा रिकामा करताना थोरल्या जावेला जिन्याखालच्या दोन ट्रंकांपैकी एकच उचलता आली. तिने भांड्यांची उचलली. दुसरीत धाकटीच्या आठ महिन्यांच्या, गेलेल्या बाळाचे कपडे होते. पुढे दोघी गोखलेनगरच्या पूरग्रस्तांच्या वसाहतीत शेजारी-शेजारी राहिल्या, आणि चोवीस वर्षं त्या ट्रंकेबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत.

खर्डा १,२०,००० शब्दांचा होता, ३८ प्रकरणं. छापील पानावर साधारण ३०० शब्द धरले तर ४०० पानं होतात. पाचवा हिस्सा म्हणजे २४,००० शब्द, म्हणजे ८० पानं, म्हणजे १६ पानी पाच फर्मे. कापायचा आकडा असा डोळ्यांसमोर ठेवा. "थोडं कमी करू" म्हणून बसलं की लोक चार हजार शब्दांवर दमतात.

१. मूळ प्रत बाजूला ठेवा आणि तक्ता करा

याला पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ लागते. मूळ फाइल जशी आहे तशी ठेवा, तिची प्रत काढा आणि कामाला तीच घ्या. 'कापलेलं' नावाची तिसरी फाइल उघडा. जे काढाल ते प्रकरण क्रमांकासह तिथे चिकटवा, पुसून टाकू नका. मजकूर कुठेतरी शाबूत आहे हे माहीत असलं की लेखकाचा हात मोकळा होतो. शिवाय त्यातलं काहीतरी परत आणावं लागतंच. कसं, ते पुढे येईल.

मग वहीत तीन रकाने आखा: प्रकरण क्रमांक, शब्दसंख्या, आणि 'या प्रकरणाअखेर काय बदललं' हे एका वाक्यात. तिसऱ्या रकान्यात 'तिच्या मनाची घालमेल दाखवली' असं लिहू नका. तो बदल नव्हे. 'धाकटीने वेगळी चूल मांडली' हा बदल.

या कादंबरीत ३८ पैकी सात प्रकरणांसमोरचा तिसरा रकाना रिकामा राहिला, आणि त्या सातांत मिळून २१,००० शब्द होते. हा आकडा दिसल्यावर लेखिका बराच वेळ गप्प होती. ही तपासणी पहिली ठेवते ती एवढ्यासाठी की फुगवटा सगळीकडे सारखा पसरलेला कधीच नसतो. प्रत्येक प्रकरणातून वीस टक्के काढायला गेलात तर धडधाकट प्रकरणं हडकुळी होतात आणि सुजलेली तशीच राहतात.

मात्र रिकाम्या रकान्याची प्रकरणं लगेच उडवू नका. आधी दुसरी तपासणी करा. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथली घाई करते.

२. गाभा कुठे आहे आणि तो कशाच्या टेकूवर उभा आहे

लेखकांना भीती असते की कापताना भावनेचे प्रसंग जातील. म्हणून ते रडण्याचे, आठवणींचे, पत्रांचे प्रसंग जिवापाड जपतात आणि 'घरगुती तपशील' म्हणून साधे प्रसंग कापतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. भावना उघड बोलून दाखवणारे प्रसंग बहुधा जादा असतात. गाभा उभा असतो तो आधीच्या दीडशे पानांत विखुरलेल्या, दिसायला निरस अशा पाच-सहा गोष्टींवर. मी त्यांना टेकू म्हणते. टेकू काढला की वरचा प्रसंग जागेवरच राहतो, शब्दही तेच राहतात, पण वाचकाला काही होत नाही.

शोधायची पद्धत अशी. पुस्तकातला एक प्रसंग निवडा, जो काढला तर पुस्तक लिहायचं कारणच उरणार नाही. एकच. या कादंबरीत तो १९८५ सालचा होता. थोरली आजारी आहे, घरातली भांडी वाटून टाकते आहे. ती तांब्याचं घंगाळ धाकटीपुढे सरकवते.

"हे तू ने."

"नको वहिनी. मला नाही उचलवायचं."

एवढंच. पण वाचणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकतं.

आता मागे चालायचं. हे वाक्य लागायला वाचकाला आधीपासून काय काय ठाऊक हवं? आम्ही दोघींनी बसून यादी केली. घंगाळ वाचलेल्या ट्रंकेतलं आहे. ते गेली चोवीस वर्षं रोज धाकटीच्या नजरेसमोर वापरात होतं. थोरलीला दुसऱ्या ट्रंकेत काय आहे ते माहीत होतं. एका बाईला एकच ट्रंक उचलणं शक्य होतं, म्हणजे निवड करावीच लागली. धाकटी त्या वेळी दळण आणायला गेली होती, म्हणून ती तिथे नव्हती. आणि मधे एकदा विचारायची संधी आलेली असताना तिने विचारलं नव्हतं.

सहा टेकू. खर्ड्यात ते कुठे आहेत ते शोधून त्या ओळी पिवळ्या केल्या. सगळे मिळून चार हजार शब्दही भरले नाहीत, आणि त्यातले दोन नेमके त्या रिकाम्या रकान्याच्या प्रकरणांत होते. उदाहरणार्थ, विसाव्या प्रकरणात नुसती आंघोळीची गडबड होती आणि बंबातलं पाणी त्या घंगाळात काढलं जात होतं. काहीही बदलत नव्हतं. तक्त्याचं ऐकून ते प्रकरण सरसकट काढलं असतं तर शेवटचं घंगाळ वाचकाला पहिल्यांदाच दिसलं असतं.

पिवळ्या ओळींना पुढच्या कुठल्याही टप्प्यावर हात लावायचा नाही. त्या दुसऱ्या प्रकरणात हलवता येतात, काढता येत नाहीत.

३. प्रकरणांची डोकी आणि शेपट्या

कापाकापीतलं सगळ्यात सोपं काम हे. प्रत्येक प्रकरणाचा पहिला परिच्छेद बोटाने झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. नंतर शेवटचा झाका. पहिला बहुधा लेखकाने स्वतः लिहायच्या लयीत यावं म्हणून लिहिलेला असतो. शेवटच्यात प्रसंगाने आधीच सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं असतं. दोन दिवसांत इथून ४,५०० शब्द गेले. एका प्रकरणाच्या शेवटच्या तीन ओळी पिवळ्या होत्या, त्या राहिल्या.

४. जमवलेली माहिती

पुण्यात पानशेतवर लिहिणाऱ्याला साहित्याचा तुटवडा नाही. वृत्तपत्रांची जुनी कात्रणं, आयोगाच्या चौकश्या, आणि प्रत्येक जुन्या कुटुंबातली एक तरी आठवण. लेखिकेने दोन वर्षं वाचनालयात बसून टिपणं काढली होती, आणि ती सगळी पुस्तकात आली होती. धरणाचं काम कसं चाललं होतं, आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती कशी रचली, नंतर चौकशीत काय झालं. तीन प्रकरणं, ७,००० शब्द.

इथे मी एकच कसोटी लावते: त्या क्षणी हे त्या पात्राला माहीत होतं का? त्या सकाळी नारायण पेठेतल्या बाईला धरणाच्या बांधकामातलं काहीही ठाऊक नव्हतं. तिने रस्त्यावरून ओरडत जाणारी माणसं ऐकली, जिन्याची पहिली पायरी ओली झालेली बघितली, आणि तिच्याकडे दोन ट्रंका होत्या. वाचकाला तिच्यापेक्षा जास्त माहिती दिली की त्याची भीती कमी होते. तो वरून बघायला लागतो. तो जिन्याखाली तिच्यासोबत उभा असायला हवा.

७,००० पैकी १,५०० शब्द उरले, तेही विखुरलेले. पोत्यांची बातमी शेजारच्या माणसाच्या तोंडी आली. चौकशीबद्दल पुढे गोखलेनगरच्या नळावर बायका बोलतात तेवढंच राहिलं. ५,५०० शब्द गेले. लेखिकेला हे सर्वांत जड गेलं, आणि ते मला समजतं. ती माहिती वाया गेली नाही. जी दीड हजार शब्दांत उरली ती अचूक आहे ती त्या दोन वर्षांमुळेच.

५. तीच भावना किती वेळा येते

हा टप्पा सावकाश करा. तुमच्या गाभ्याशी जोडलेली मुख्य भावना कोणती ते ठरवा आणि ती ज्या ज्या ठिकाणी *उघड* व्यक्त होते त्या जागा मोजा. उघड म्हणजे पात्र रडतं, स्वतःशी बोलतं, कोणाला सांगतं, स्वप्न बघतं, पत्र लिहितं.

आमच्या कादंबरीत धाकटीचं ट्रंकेबद्दलचं दुःख अकरा वेळा उघड आलं होतं. दोन स्वप्नं, एक न पाठवलेलं पत्र, पाच वेळा रात्री जागणं, दोनदा बहिणीजवळ रडणं, एकदा देवळात. प्रत्येक प्रसंग सुटा वाचला तर चांगला होता. पत्र तर फारच सुरेख. अडचण अशी की शेवटच्या प्रसंगाचं सगळं बळ तिने कोणालाच सांगितलं नाही यात आहे, आणि इथे ती वाचकाला अकरा वेळा सांगत होती. घंगाळापर्यंत पोचता-पोचता वाचकाकडे कळायचं काही उरतच नव्हतं.

अकरांऐवजी तीनच जागा ठेवायचं ठरलं. कुठले ठेवायचे याचा माझा नियम असा: पहिला, ज्याने वाचकाला दुःख आहे हे कळतं, एक मधला, ज्यात ते दुःख वेगळ्या रूपात दिसतं, म्हणजे रागाच्या किंवा हिशेबीपणाच्या, आणि शेवटचा, गाभ्याचा. मधला म्हणून आम्ही भांडणाचा प्रसंग घेतला. धाकटी नळावरच्या पाण्यावरून थोरलीशी भांडते, ट्रंकेचं नावही निघत नाही. पत्र गेलं. ६,००० शब्द कमी झाले.

आणि इथेच चूक झाली, माझ्या हातून. ओघात मी दुसऱ्या प्रकरणातला कुंची शिवण्याचा प्रसंगही काढला. सहाशे शब्दांचा होता. सासूच्या जुन्या लुगड्याच्या काठातून धाकटी बाळासाठी कुंची शिवते, थोरली सुईत दोरा ओवून देते. आमच्या यादीत तो नव्हता. 'थोरलीला ट्रंकेतलं माहीत होतं' हा टेकू आम्ही दुसऱ्या एका संवादात पिवळा केला होता, तेवढा पुरेल असं मी धरून चालले.

कापलेली प्रत दोन नव्या वाचकांना दिली. दोघंही न अडखळता शेवटपर्यंत गेले, वेगाचं कौतुक केलं. घंगाळाच्या प्रसंगाबद्दल विचारलं तेव्हा एकजण म्हणाल्या, "थोरलीचं काय चुकलं पण? पूर आला होता. भांडी तर उचलणारच ना कोणीही."

त्यांचं बरोबर होतं. उरलेल्या संवादातून थोरलीला ट्रंकेत काय आहे ते *माहीत* होतं एवढं कळत होतं. दोरा तिने ओवला होता, त्या कपड्यांत तिचाही हात होता, हे गेलं होतं. कुठला टेकू निसटला ते असंच ओळखता येतं. प्रसंग गार पडतो तेव्हा वाचक "रडू आलं नाही" असं म्हणत नाहीत, ते तर्काचा प्रश्न विचारतात. "यात एवढं काय?" हा प्रश्न आला की शेवटच्या प्रसंगात शब्द वाढवू नका. मागे जा, तुटलेली जागा शोधा. 'कापलेलं' फाइलमधून आम्ही सहाशेतले अडीचशे शब्द परत आणले: लुगड्याचा काठ, सुई, दोरा. बाळाच्या बारशाचं वर्णन तिथेच राहू दिलं.

म्हणून टेकूंची यादी करताना प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा. वाचकाला हे कळायला हवं का? आणि हे त्याने डोळ्यांनी बघायला हवं का? दुसऱ्याचं उत्तर हो असेल तर संवादातला उल्लेख पुरत नाही.

६. दोन पात्रांचं एक करणं

इथून काम अवघड होतं. पहिल्या पाच टप्प्यांत तुमचं भागलं तर हा सोडून द्या. आमचे अजून ८,२५० शब्द जायचे होते.

वाड्यात दोन भाडेकरू होते, एक निवृत्त मास्तर आणि एक छापखान्यातला तरुण कंपोझिटर. दोघांचं काम एकच, बाहेरची बातमी वाड्यात आणणं. वहीत प्रत्येक पात्रासमोर 'हा नसेल तर काय अडेल' असं लिहिलं तेव्हा मास्तरांसमोर कोरं राहिलं. कंपोझिटरसमोर मात्र लिहिता आलं: पुराची हाक तोच देतो. मास्तर गेले, त्यांची चार वाक्यं कंपोझिटरला मिळाली, ४,००० शब्द कमी झाले.

मराठीत या कामात एक फास आहे. मास्तरांना सगळे अहो-जाहो करत होते, कंपोझिटरला अरे-तुरे. नाव शोधून बदललं की नाव तेवढं बदलतं, 'म्हणाले', 'बसले', 'त्यांनी' तसंच राहतं. एका पानावर तो 'तो' असतो, पुढच्या पानावर 'ते'. संगणकाच्या शोधा-बदला सोयीवर हे सोडू नका. त्या पात्राचा प्रत्येक प्रसंग कागदावर काढून पेन्सिलीने वाचा. शिवाय माणूस बदलला की नातंही बदलतं. थोरली मास्तरांशी डोक्यावर पदर घेऊन बोलत होती, पंचविशीच्या पोराशी ती तशी बोलणार नाही. तिथे वाक्यं नव्याने लिहावी लागतात. या टप्प्याला आम्हाला तीन आठवडे लागले.

७. वाक्यं

बहुतेक जण सुरुवात इथून करतात. मी हे शेवटी ठेवते, कारण उद्या जे प्रकरण जायचं आहे त्यातली वाक्यं आज घासण्यात महिने जातात, आणि घासून चकचकीत झालेलं प्रकरण मग काढवत नाही.

राहिलेला खर्डा मोठ्याने वाचा. रोज वीस पानं, जास्त नाही. कान थकला की सगळंच बरं वाटायला लागतं. लक्ष ठेवायचे शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात. या खर्ड्यात 'नकळत', 'क्षणभर', 'एक प्रकारची', 'जणू काही' आणि 'असं तिला वाटून गेलं' हे होते. एक परिच्छेद असा होता:

"धाकटी बराच वेळ तशीच खिडकीपाशी उभी राहून बाहेर बघत राहिली. तिच्या मनात नकळत एक प्रकारची पोकळी निर्माण झाली होती. आपलं सगळं काही वाहून गेलं आहे, आता काहीच उरलेलं नाही, असं तिला क्षणभर वाटून गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जणू काही तो पूर तिच्या आतही शिरला होता."

त्याच प्रकरणात दोन पानांनंतर ती खिडकीचे गज पुसते असं होतं. ते इथे आणलं:

"धाकटी बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. मग पदर ओला करून तिने गजांवरचा चिखल पुसायला घेतला, एकेक गज."

नवीन काही लिहिलं नाही, होतं तेच हलवलं. कापताना नवं सुचायला लागलं तर थांबा, खर्डा पुन्हा फुगतो.

एका ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. वाक्य लहान करायचं म्हणून संयुक्त क्रियापदं सरसकट मोडू नका. 'तिने सांगितलं' आणि 'तिने सांगून टाकलं' ही दोन वेगळी माणसं आहेत. 'रडली', 'रडून घेतलं' आणि 'रडत बसली' यांतल्या प्रत्येकीबद्दल वाचकाचं मत वेगळं होतं. मराठीत भावना पुष्कळदा त्या दुसऱ्या, छोट्या क्रियापदात असते. 'करू लागली', 'होऊ लागली' यांतलं 'लागणं' बिनधास्त काढा. 'टाकणं', 'घेणं', 'बसणं', 'देणं' काढण्याआधी वाक्य दोन्ही तऱ्हांनी मोठ्याने म्हणून बघा.

इथून ४,२५० शब्द गेले. कुंचीचे २५० परत आले होते, ते वजा केले तर एकूण बरोबर २४,०००. खर्डा ९६,००० वर आला. हिशेब इतका नेमका जुळला कारण वाक्यांच्या टप्प्यावर आम्ही रोज किती उरले ते लिहीत होतो, आणि आकडा आला त्या दिवशी थांबलो. अजूनही कापता आलं असतं. पण मोठ्याने वाचताना दोन जागी श्वास घ्यायला जागा उरली नाही असं वाटलं, आणि तिथे कात्री ठेवली.

कधी थांबायचं आणि संपादकाकडे कधी जायचं

काही वेळा हे घरी होत नाही. पहिली खूण म्हणजे दुसऱ्या टप्प्यात एक प्रसंग निवडताच येत नाही. दोन निघतात, दोन वेगळ्या माणसांचे, आणि दोन्ही सोडवत नाहीत. मग तुमच्या हातात दोन कादंबऱ्या आहेत, आणि त्या वेगळ्या करणं हे कापण्याचं काम नाही. दुसरी खूण, तेच प्रकरण तुम्ही तिसऱ्यांदा काढून तिसऱ्यांदा परत घातलंय. तिसरी, टेकू परत बसवूनही नवे वाचक गाभ्याच्या प्रसंगावर "यात एवढं काय?" असंच विचारताहेत. आणि चौथी, गोष्ट तुमच्याच घरात घडलेली आहे. आपल्या आईच्या ट्रंकेत काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला ते पानावर आलंय की डोक्यातच राहिलंय हे दिसत नाही. अशा वेळी तुमची नजर कितीही चांगली असो, तिचा उपयोग नाही. पहिल्याच महिन्यात दुसऱ्याला दाखवा.

जाताना योग्य माणसाकडे जा. मुद्रितशोधक शुद्धलेखन, विरामचिन्हं आणि छपाईतल्या चुका बघतो. कादंबरी कापून देणं हे त्याचं काम नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा केली तर दोघांचाही वेळ जातो. तुम्हाला संहितेचं संपादन करणारा माणूस हवा. काम ठरवण्याआधी त्याला वीस पानं नमुन्यादाखल करायला सांगा, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि ती वीस पानं मधली द्या, पहिली नकोत. पहिली वीस पानं तुम्हीच इतक्यांदा घासलेली असतात की त्यात त्याला काही सापडणार नाही. नमुना परत आला की त्याने काय काढलं याआधी काय ठेवलं ते बघा. तुमची पिवळी ओळ त्याने न सांगता ओळखून राखली असेल तर त्याला पूर्ण खर्डा द्या. सोबत मूळ प्रत, तक्ता, टेकूंची यादी आणि 'कापलेलं' फाइलही द्या.